घाऊक भाव, छापील किंमत आणि मधलं अंतर: हाताने साबण करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सिंधुदुर्गात कोल्ड प्रोसेसने साबण करतो आणि काजूची दुकानं, भेटवस्तूंची दुकानं, आयुर्वेदिक औषधांची दुकानं अशांना माल देतो. नवीन साबण करणाऱ्या बायका (आणि हल्ली बरेच पुरुषही) फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे एकाच वडीचं उदाहरण धरलं आहे: 100 ग्रॅमची, गवती चहाच्या तेलाची. आकडे आमचे आहेत. तुमचे भाव घालून तुम्हीही तसंच गणित मांडा.

1. दुकानदाराला द्यायचा भाव आणि गिऱ्हाइकाला लागणारा भाव यांत फरक किती असावा?

हाताने केलेल्या साबणावर आमच्या भागातले दुकानदार छापील किमतीच्या 30 ते 40 टक्के मागतात. रोख घेणारे 40 मागतात, जाकड ठेवणारे, म्हणजे विकेल तसे पैसे देणारे, 30 वर तयार होतात (प्रश्न 9 पाहा). म्हणजे वडीवर 150 रुपये छापले असतील, तर रोख घेणारा दुकानदार तुम्हाला 90 देतो आणि मधले 60 त्याचे.

आपल्याकडे कमाल किरकोळ किंमत उत्पादकच छापतो आणि त्यापेक्षा एक रुपयाही जास्त घ्यायची दुकानदाराला मुभा नाही. त्याला स्वतःचा भाव वर नेता येत नाही, त्यामुळे त्याची कमाई तुम्ही छापलेल्या आकड्यातूनच निघते. तो आकडा चुकला तर घासाघीस करून काही सुधारत नाही.

2. ‘40 टक्के मार्जिन’ म्हणजे कशावर 40 टक्के? माझ्या भावावर की एमआरपीवर?

एमआरपीवर. सगळ्यात जास्त नुकसान या एका गोष्टीने होतं, आणि पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं.

मला वडीमागे 90 रुपये हवे होते. मी 90 वर 40 टक्के चढवले, 126 आले, सोयीसाठी 125 छापले. दुकानदाराने 125 मधून 40 टक्के वजा केले आणि माझ्या हातात 75 ठेवले. त्याचं काही चुकलं नव्हतं. दुकानदारीत टक्के वरून खाली मोजतात, मी खालून वर मोजले होते. दोनशे वड्यांची लेबलं छापून झाली होती, ती सगळी त्याच भावाने गेली.

बरोबर रीत अशी: तुम्हाला हवा असलेला भाव 0.60 ने भागायचा. 90 भागिले 0.60 म्हणजे 150. दुकानदार 35 टक्के घेणार असेल तर 0.65 ने, 30 घेणार असेल तर 0.70 ने. गुणाकार करत असाल तर थांबा, काहीतरी उलटं चाललं आहे.

दुकानदाराशी बोलताना टक्क्यांत बोलूच नका. “छापील दीडशे, तुम्हाला नव्वदला” असं रुपयांत सांगितलं की दोघांच्या डोक्यात एकच आकडा राहतो.

3. साबण मला कितीला पडतो हे कसं काढायचं? मी तेल आणि कॉस्टिक धरते, बाकी काय धरायचं?

आमचा एक घाणा दोन किलो तेलाचा असतो: खोबरेल, ऑलिव्ह पोमेस आणि राइस ब्रान प्रत्येकी 600 ग्रॅम, एरंडेल 100 आणि कोकमतेल, म्हणजे आमचं भिरंडेल, 100 ग्रॅम. या सगळ्या तेलांचे मिळून 770 रुपये. कॉस्टिक सोडा सुमारे 280 ग्रॅम, 40 रुपयांचा. गवती चहाचं तेल 70 रुपयांचं. एकूण 880.

आता वड्या किती? पाणी धरून मिश्रण साधारण 2,840 ग्रॅम भरतं, त्याच्या 118 ग्रॅमच्या 24 वड्या कापल्या जातात. पण 24 ने भागू नका. एखादी कडेची वाकडी जाते, एखादीवर पांढरी राख चढते, एखादी कापताना तुटते. आम्ही 22 धरतो. 880 भागिले 22 म्हणजे वडीला 40 रुपये.

खोका, आतला कागद आणि लेबल मिळून 12. एका घाण्यावर मिसळण्यापासून पॅक करेपर्यंत तीन तास हात लागतात. तासाला 100 रुपये मजुरी धरली तर वडीला 14. वीज, जागा, चाचणी आणि एफडीएच्या सौंदर्यप्रसाधन परवान्याच्या खर्चाचा वाटा 6. बेरीज 72.

स्वतःची मजुरी बहुतेक जणी धरत नाहीत. “मी घरीच तर असते” म्हणतात. मग मागणी वाढली आणि मदतीला बाई ठेवली की तिचा पगार कुठून द्यायचा ते कळत नाही, कारण भावात ती जागाच नसते.

वजनाकडेही लक्ष ठेवा. 118 ची वडी सहा आठवड्यांत 103-104 वर येते, पावसाळ्यात आमच्याकडे त्याहूनही वेळ लागतो. घाईने चौथ्या आठवड्यात पॅक केली तर दुकानात बसून ती 100 च्या खाली जाते आणि लेबल खोटं ठरतं. तीन-चार ग्रॅम वर ठेवले तर दीड रुपया जातो. तो गेलेला परवडतो.

4. 72 पडतात आणि 90 ला देते, म्हणजे 18 सुटले. मग हातात काही उरत का नाही?

कारण 18 वर अजून दोघं-तिघं टपलेले असतात. दुकानापर्यंत पोचवण्याचे वडीमागे 4 रुपये. टेस्टर म्हणून उघडी ठेवलेली वडी, नमुने, आणि पावसाळ्यात घाम सुटून परत आलेल्या वड्या मिळून 5. (ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं, त्यामुळे साबणावर थेंब येतात. साबण खराब झालेला नसतो, पण ओला खोका कोणी घेत नाही.) उरले 9. नफा 18 नाही, 9 आहे. पुढच्या सगळ्या उत्तरांत हे 9 लक्षात ठेवा.

5. महिना-महिना राबते मी, आणि दुकानदार नुसता मांडून ठेवून 60 रुपये घेतो. हे जास्त नाही का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक फोनला येतो, बऱ्याचदा रागानेच. उत्तर प्रदर्शनाच्या हिशेबात आहे.

समजा तुम्ही तीन दिवसांचा स्टॉल घेतला. भाडं 6,000, जाणं-येणं आणि जेवण 2,000. तिथे वडी 150 ला जाते, पडलेले 72 वजा केले तर 78 सुटतात. 8,000 भागिले 78 म्हणजे 103 वड्या विकल्यावर फक्त खर्च निघाला. तीन दिवस तुम्ही स्वतः उभ्या राहिलात, त्याची मजुरी अजून धरलेलीच नाही. विकण्यालाही पैसे पडतात. तुम्ही विकलंत तर ते तुम्ही घालता, दुकानदाराने विकलं तर तो घालतो, आणि त्याच्या घातलेल्या पैशाचं नाव 60 रुपये.

दुकानदाराच्या बाजूनेही पाहा. रोजच्या वापराच्या कंपनीच्या साबणावर त्याला थोडंच सुटतं, पण तो माल रोज हलतो. आपल्या वड्या एखाद्या चांगल्या दुकानात महिन्याला 20 जातात. 60 प्रमाणे ते 1,200 रुपये. 25 टक्क्यांवर अडून बसलात तर त्याला 750 मिळतात, आणि तेवढ्या फळीवर तो आणखी काजूची पाकिटं ठेवू शकतो. त्याच्या डोक्यात हीच तुलना चाललेली असते.

60 जास्त कधी ठरतात? वड्या खालच्या फळीवर, टेस्टर नाही, काउंटरवरच्या मुलाला साबण कशाचा तेही माहीत नाही, आणि माल जाकड. तेव्हा तो विकण्याचं काम करतच नाहीये. तिथे टक्के कमी करून मागू नका, माल उचला.

6. ओळखीच्यांना आणि प्रदर्शनात मी 100 ला देते. दुकानात 150 असला तर काय बिघडतं?

बिघडतं. गिऱ्हाईक दुकानात वडी हातात घेतं, मागचा नंबर पाहून तुम्हाला फोन करतं आणि 100 ला मागवतं. दुकानदाराला हे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कळतंच. त्याच्या दृष्टीने त्याने फळी दिली ती तुमच्या जाहिरातीला. पुढची ऑर्डर येत नाही, आणि का येत नाही हे तो सांगतही नाही.

शिवाय 100 ला विकून तुमचंही काही साधत नाही. 72 पडलेले, स्टॉलचा किंवा कुरिअरचा खर्च वर. दुकानात माल असेल तर थेट विक्रीही छापील किमतीलाच करा. सवलत द्यायचीच असेल तर अशी द्या जी दुकानदार देऊ शकत नाही: कापताना उरलेल्या तुकड्यांची पुडी, किंवा तीन वेगवेगळ्या वड्यांचा संच. घरच्या माणसांना फुकट द्या, ते परवडतं. अर्ध्या किमतीला देऊ नका, कारण तो भाव गावभर होतो.

7. जीएसटी या 60 आणि 90 मध्ये कुठे बसतो?

एमआरपीत कर आधीच असतो. अंगाच्या साबणाच्या वडीवरचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्के झाला. 150 मधून 5 टक्के कर बाजूला काढला तर 142.86 उरतात. दुकानदाराचे 40 टक्के यावर धरायचे: 57.14 त्याचे, 85.71 तुमचे. तुमच्या बिलावर 85.71 अधिक 4.29 कर, म्हणजे 90 च.

दुकानदार 90 देतोय हे दिसतं, पण त्यातले 85.71 तुमचे आहेत. उलट तेल, कॉस्टिक आणि खोक्यांवर तुम्ही भरलेला कर वळता होतो. पक्की बिलं असतील तर आमच्या वडीला तो अडीच-तीन रुपये येतो. म्हणजे खरा फटका सव्वा ते पावणेदोन रुपयांचा. जुन्या 18 टक्क्यांत याच 150 मधून हातात 76.27 यायचे. तेव्हाच्या वह्या आणि जुने सल्ले आता वापरू नका.

8. माझी उलाढाल कमी आहे, जीएसटी नोंदणी नाही. मग पूर्ण 90 माझेच ना?

दुकानदार कोण आहे त्यावर अवलंबून. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, हे खरं. पण तुमचा दुकानदार नेहमीच्या पद्धतीने नोंदलेला असेल तर त्याला 150 ला विकताना त्यातले 7.14 सरकारला भरावेच लागतात. नोंदलेल्या उत्पादकाकडून घेतलं असतं तर त्यातले 4.29 वळते झाले असते. तुमच्या बिलावर कर नसल्याने ते होत नाहीत. तुम्हाला 90 देऊन त्याच्याकडे 52.86 राहतात, 57.14 नाही.

म्हणून हिशेब जाणणारा दुकानदार म्हणतो, “ताई, बिलावर जीएसटी नाही, तर 85 ला द्या.” तो पिळत नाहीये, त्याचे आधीचे 57 रुपये राखतोय. पाहुण्यांना विकणारा होमस्टे किंवा स्वतःच नोंदणी नसलेलं छोटं दुकान असेल तर हा मुद्दा येत नाही, तिथे पूर्ण 90 मागा.

आणि नोंदणी नसताना बिलावर “जीएसटीसह” लिहून कर घेऊ नका, तो घ्यायचा अधिकारच नसतो.

9. दुकानदार म्हणतो “जाकड ठेवा, विकेल तसे पैसे देतो”. ठेवावं का?

पहिल्या खेपेला, दोन डझनपर्यंत, हो. जाकड माल दुकानात असला तरी तुमचाच असतो. त्याचा पैसा अडकत नाही, तुमचा अडकतो. म्हणून त्याचे टक्केही कमी हवेत, 40 नव्हे 30. मग तुम्हाला वडीमागे 105 मिळतात, रोखीपेक्षा 15 जास्त.

हे 15 फुकटचे नाहीत. शंभर वड्या रोख दिल्या तर 9,000 लगेच मिळाले. जाकड दिल्या तर 9,000 जमायला 86 वड्या खपाव्या लागतात. 14 पेक्षा जास्त वड्या वास उडून किंवा खोके ओले होऊन परत आल्या, तर जाकडात तुम्ही हरलात, तेही तीन महिने थांबून. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हे हमखास होतं, त्यामुळे पावसाळ्यात आम्ही जाकड देत नाही.

द्यायचंच असेल तर दुबार वहीत वड्यांची संख्या, तारीख आणि खराब माल कोणाच्या माथी हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी जाऊन स्वतः मोजा. “अजून विकले नाहीत” म्हणणाऱ्या एका दुकानात मी मोजायला गेले तेव्हा फळीवर सहा वड्या होत्या आणि वहीत तीस. नोंदणी असेल तर माल चलनावर पाठवा आणि विक्री झाली की बिल करा. मात्र सहा महिने उलटले तर विक्री न होताही बिल करावं लागतं.

10. दिवाळीला सगळे “दहावर एक” मागतात. देऊ का?

गणित करून मग ठरवा. अकरा वड्यांचे 900 म्हणजे वडीला 81.80. तुमच्या 9 रुपयांतले 8.20 गेले, उरले 80 पैसे. दिवाळीच्या आधी ज्या महिन्यात तुम्ही सर्वांत जास्त राबता त्याच महिन्यात तुम्ही फुकट काम करत असता.

त्याऐवजी आम्ही 48 वड्यांच्या ऑर्डरवर दोन टेस्टर आणि एक छोटा लाकडी स्टँड देतो. टेस्टर हुंगला की साबण खपतो. फुकट वडीचा फायदा मात्र दुकानदारापाशीच थांबतो, गिऱ्हाइकापर्यंत जात नाही. दहावर एक द्यायचंच असेल तर अट घाला: रोख, आणि माल परत नाही. म्हणजे प्रश्न 4 मधले परतीचे पैसे तरी वाचतात.

11. पणजी-म्हापशातली दुकानं माल मागताहेत. भाव तोच ठेवू का?

भावाआधी नोंदणी पाहा. सावंतवाडीहून म्हापसा जवळ असलं तरी ते दुसरं राज्य आहे, आणि राज्याबाहेर माल विकायला उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. कंपोझिशन योजनेत असाल तर राज्याबाहेर विकताच येत नाही. त्यामुळे गोव्याचं एक दुकान धरलंत की तुमच्या सगळ्या विक्रीला प्रश्न 7 चं गणित लागतं, अगदी शेजारच्या गावातल्या नोंदणी नसलेल्या दुकानालाही. मिळणाऱ्या 90 चे 85.71 होतात. एखाद्या डझनासाठी हे करू नका. महिन्याला दोन-तीनशे वड्या ठरल्या असतील तर करा.

एमआरपी मात्र गोव्यासाठी वेगळी छापू नका. पर्यटक एका दिवसात मालवण आणि म्हापसा दोन्ही करतात.

12. वितरक म्हणतो पन्नास दुकानांत माल लावतो, 12 टक्के द्या. जमेल का?

150 च्या वडीत नाही. दुकानाचे 90, त्यातून वितरकाचे 12 टक्के म्हणजे जवळजवळ 11 गेले, उरले 79. पोचवण्याचे 4 वाचले तरी टेस्टर-परतीचे 5 राहतातच. 72 वजा जाता 2 रुपये हातात. एमआरपी 180 करून साबण त्या किमतीला खपतो असं आधी तुमच्याच दोन दुकानांत दिसलं, तरच बोलणी करा.

13. खोबरेल महागलं. दुकानात पडलेल्या मालावर नवा भाव चिकटवता येईल का?

नाही. छापलेली एमआरपी स्टिकर लावून वाढवता येत नाही. कमी करता येते, तीही जुनी किंमत झाकली न जाता. जुना माल जुन्या भावानेच संपवायचा.

म्हणून लेबलं एका वेळी दोन-तीनशेच छापा, किंवा किंमत, तारीख आणि ग्रॅममागची किंमत यांची जागा कोरी ठेवून पॅक करताना शिक्का मारा. भाव वाढवताना दुकानदाराला महिनाभर आधी सांगा. तो जुन्या भावाने थोडा जास्त माल उचलेल, उचलू द्या. आमच्या घाण्यात खोबरेल किलोमागे 100 रुपयांनी चढलं तर वडीला पावणेतीन रुपये वाढतात. तेवढ्यासाठी एमआरपी हलवायची तर 5 रुपयांनी हलवा, म्हणजे 60 टक्क्यांप्रमाणे तुमच्या वाट्याला 3 येतात.

14. होमस्टेवाल्यांना खोलीत ठेवायला छोटे साबण हवेत. त्यांना घाऊक भाव कोणता लावू?

इथे 40 टक्क्यांचा संबंधच नाही, कारण ते विकत नाहीत, वापरतात. पाकिटावर “किरकोळ विक्रीसाठी नाही” लिहून द्यायचं. भाव पडलेल्या किमतीवरून काढा, आणि वजनाच्या प्रमाणात काढू नका: 25 ग्रॅमच्या वडीला तेल-कॉस्टिकचे 10 रुपये लागतात, पण कापायला, शिक्का मारायला, गुंडाळायला मोठ्या वडीइतकेच हात लागतात. आम्हाला ती 27 ला पडते आणि आम्ही 34 ला देतो. “शंभर ग्रॅम 90 ला, मग पंचवीस ग्रॅम साडेबावीसला द्या” असं मालक म्हणतातच. त्यांना खोका नको, साध्या कागदी पट्टीत चालेल का ते विचारा. तिथे 4 रुपये निघतात.